सोन्याचं लाल द्रावण निळं पडलं: माध्यम बदललं की कण चिकटले?

सायट्रेट वापरून केलेलं 13 ते 15 नॅनोमीटर कणांचं सोन्याचं द्रावण माणकासारखं लाल दिसतं आणि त्याचं शोषणाचं शिखर 520 नॅनोमीटरच्या आसपास असतं. त्यात काहीतरी मिसळलं की शिखर तांबड्या बाजूला सरकतं. याचा अर्थ ‘माध्यमाचा अपवर्तनांक वाढला’ असा काढला जातो, पण पुष्कळदा खरं कारण कण एकमेकांना चिकटणं हे असतं. आलेखावर दोन्ही गोष्टी एकाच दिशेला जातात, म्हणून गफलत होते.

आधी रंग येतो कुठून ते पाहू. प्रकाशाच्या विद्युतक्षेत्रामुळे कणातले मोकळे इलेक्ट्रॉन एका बाजूला ढकलले जातात. त्या बाजूला ऋण आणि समोरच्या बाजूला धन प्रभार साचतो, आणि त्यांची ओढ इलेक्ट्रॉनांना मागे खेचते. या ओढीमुळे इलेक्ट्रॉन झुलतात. प्रकाशाची वारंवारिता त्या झुलण्याशी जुळली की कण तो प्रकाश जोरात शोषतो. हेच पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन. पाण्यातल्या छोट्या गोळ्यासाठी ही जुळणी हिरव्या प्रकाशाशी होते. निळा प्रकाशही सोनं एरवीच बऱ्यापैकी शोषतं, त्यामुळे पलीकडे पोचतो तो लाल.

आता ही ओढ ढिली झाली की झुलणं मंदावतं आणि शिखर लांब तरंगलांबीकडे जातं. ती तीन प्रकारे ढिली होते. भोवतीचं माध्यम ध्रुवीभूत होऊन कणावरचा प्रभार अंशतः झाकतं, हा पहिला. कण लांबट असेल तर टोकांवरचे प्रभार एकमेकांपासून दूर पडतात, हा दुसरा. आणि शेजारी दुसरा कण अगदी जवळ आला तर त्याचा विरुद्ध प्रभार इकडच्या प्रभाराला बाहेरून ओढतो, हा तिसरा. म्हणजे चिकटलेले कण हे प्रकाशाच्या दृष्टीने एका लांबट कणासारखेच वागतात.

फरक आहे तो मापात. 1 मिली द्रावणात 1 मिली ग्लिसरॉल मिसळलं, तर अपवर्तनांक 1.33 वरून साधारण 1.40 होतो. एवढ्या बदलाने गोल कणांचं शिखर जेमतेम 3 ते 5 नॅनोमीटर सरकतं. डोळ्यांना रंग लालच दिसतो. रुंदीच्या तिप्पट लांबीच्या कांडीचं लांब तरंगलांबीकडचं शिखर मात्र मुळातच 670 ते 700 च्या पट्ट्यात असतं, आणि तेवढ्याच ग्लिसरॉलने ते 20 नॅनोमीटरच्या आसपास हलतं. माध्यम ओळखण्यासाठी गोळ्यांपेक्षा कांड्या सोयीच्या, त्या याचसाठी.

याउलट 900 मायक्रोलिटर द्रावणात 1 मोलर मिठाचं 100 मायक्रोलिटर पाणी घाला. अंतिम सांद्रता 0.1 मोलर होते आणि अपवर्तनांक फक्त 0.001 च्या घरात वाढतो, म्हणजे माध्यमामुळे शिखर हलण्याचा प्रश्नच नाही. तरीही सायट्रेटवाले कण काही मिनिटांत जांभळे, मग निळे पडतात. सायट्रेटच्या ऋण प्रभारामुळे कण एकमेकांना दूर ठेवत होते. मिठाचे आयन ते प्रतिकर्षण झाकून टाकतात. आलेखात 520 चं शिखर खचतं आणि 600 ते 700 मध्ये पसरट फुगवटा येतो.

म्हणून शिखर कुठे आहे एवढंच न पाहता 650 आणि 520 वरच्या शोषणांचं गुणोत्तर काढा. चांगल्या द्रावणात ते 0.1 च्या आसपास असतं. कण चिकटू लागले की झपाट्याने चढतं, शिखर अजून फारसं हललेलं नसतानाही. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा: माध्यमाचा परिणाम तिथेच थांबतो, गुठळ्यांचा वाढत राहतो. ग्लिसरॉलवालं द्रावण दसपट पाण्याने पातळ केलं तर शिखर जवळपास मूळ जागी येतं. मिठाने निळं पडलेलं पातळ करून लाल होत नाही.

मोजताना दोन चुका हमखास होतात. ग्लिसरॉलच्या नमुन्याला नुसत्या पाण्याचा ब्लँक लावला जातो. तो तेवढ्याच ग्लिसरॉल-पाण्याचा हवा, आणि तुलनेसाठी पाण्याने निम्मं केलेलं द्रावण हवं. शिवाय घट्ट द्रव ढवळताना बुडबुडे अडकून प्रकाश विखुरतो. यंत्र 2 नॅनोमीटरच्या पायरीने वाचत असेल तर 3 नॅनोमीटरच्या सरकण्यावर निष्कर्ष काढू नका, पायरी 0.5 करा. प्रथिनाचा थर बसला तरी एवढंच सरकतं, त्यात बिघाड काही नाही.

खरी फसगत होते ती निळसर द्रावण कांड्यांचं की चिकटलेल्या गोळ्यांचं, हे ठरवताना. कांड्यांना 510 ते 520 जवळ एक बुटकं आणि पुढे एक उंच, वेगळं शिखर असतं. गुठळ्यांना बहुधा आकार नसलेला पसारा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीचं चित्रही इथे एकट्याने पुरत नाही, कारण थेंब जाळीवर वाळताना सुटे कणही जवळ येऊन चिकटतात. द्रावणाचा आलेख सोबत ठेवूनच ते चित्र वाचावं.