म्हणींचं पोस्टर करून घेताना

शाळा, वाचनालयं, वसतिगृहं आणि दुकानं आमच्याकडून म्हणींची भित्तिपत्रकं करून घेतात. शिरोली आणि गोकुळ शिरगाव एमआयडीसीच्या आसपासच्या शाळांमधून अलीकडे एक वेगळी मागणी येते. मराठी म्हण, तिचा अर्थ आणि खाली हिंदी, कारण फौंड्रीत कामाला आलेल्या कुटुंबांची मुलं त्याच वर्गात बसतात. हे माहितीपत्रक त्या हिंदी ओळीबद्दल आहे. बहुतेक ग्राहक शब्दाला शब्द लावलेली यादी घेऊन येतात आणि आम्ही ती बदलायला सुचवतो. का, ते इथे सांगतो.

एका बाईंनी आणलेल्या यादीत ‘चोराच्या मनात चांदणे’ याखाली ‘चोर के मन में चाँदनी’ असं लिहिलं होतं. शब्द सगळे बरोबर. पण हिंदी बोलणाऱ्या मुलाला यातून चोर मोठा खुशीत आहे, असं वाटेल. आपल्या म्हणीतलं चांदणं चोराला नको असतं. उजेडात कुणी पाहील या धास्तीनं तो अस्वस्थ असतो, आणि मनात खोट असलेला माणूस स्वतःच्याच वागण्यानं उघडा पडतो तेव्हा आपण ही म्हण वापरतो. नेमक्या त्याच प्रसंगी हिंदीत म्हणतात, ‘चोर की दाढ़ी में तिनका’. चांदणं गेलं, दाढी आणि काडी आली, तरी मुलाला ती लगेच कळते, कारण घरी आईच्या तोंडून त्यानं ती ऐकलेली असते.

म्हणून आम्ही सुरुवात शब्दांपासून करत नाही. प्रत्येक म्हणीसमोर आधी प्रसंग लिहितो: कोण, कुणाला, कधी म्हणतं? टोमणा आहे, सल्ला आहे की समजूत आहे? मग त्या प्रसंगी दुसऱ्या भाषेतली माणसं काय म्हणतात, ते शोधतो. ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ याला ‘अधजल गगरी छलकत जाए’ मिळते. ‘दुरून डोंगर साजरे’ याला ‘दूर के ढोल सुहावने’. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ किंवा ‘बुडत्याला काडीचा आधार’ यांच्या हिंदी म्हणी तर जवळजवळ त्याच शब्दांत आहेत. तिथे काही करावं लागत नाही.

‘गाढवाला गुळाची चव काय’ या म्हणीवर मात्र ग्राहक अडून बसतात. हिंदीत ती ‘बंदर क्या जाने अदरक का स्वाद’ होते आणि कोल्हापूरच्या माणसाला गूळ जाऊन आलं आलेलं रुचत नाही. आम्हालाही गुळाचं प्रेम आहे. पण गूळ वरच्या मराठी ओळीत ठळक अक्षरांत आहेच. खालची ओळ हिंदी वाचणाऱ्यासाठी आहे, तिथे त्याचं माकड आणि त्याचं आलंच हवं.

खरा धोका सारख्या दिसणाऱ्या म्हणींत असतो. ‘पळसाला पाने तीनच’ पाहिली की हिंदी जाणणारा कुणीही चटकन ‘ढाक के तीन पात’ सुचवतो. ढाक म्हणजे पळसच, पानंही तीनच. पण प्रसंग लिहून पाहा. पुण्याला नोकरी बदलून गेलेला भाऊ तिथंही तीच कटकट सांगतो, तेव्हा आपण म्हणतो, ‘कुठंही जा, पळसाला पानं तीनच.’ म्हणजे जागा बदलली तरी परिस्थिती तीच. हिंदी माणूस ‘वही ढाक के तीन पात’ म्हणतो ते खटपट करूनही काही बदललं नाही तेव्हा: नळ तीनदा दुरुस्त केला आणि अजून गळतोच आहे. एकीकडे बोलणं ठिकाणांबद्दल, दुसरीकडे वाया गेलेल्या प्रयत्नांबद्दल. आपल्या म्हणीच्या जवळची हिंदी म्हण आहे ‘घर-घर मिट्टी के चूल्हे’, म्हणजे आपली ‘घरोघरी मातीच्या चुली’. ती खाली घातली तर एकाच पोस्टरवर पळस आणि चुली या दोन्ही मराठी म्हणी घेऊ नयेत, नाहीतर हिंदी ओळ दोनदा येते आणि मुलं गोंधळतात.

अशी चूक पकडायला आम्ही उलटी तपासणी करतो. मराठी ओळ झाकून फक्त हिंदी ओळ हिंदी घरात वाढलेल्या माणसाला दाखवायची आणि विचारायचं, ‘हे तुम्ही कधी म्हणाल?’ अर्थ विचारायचा नाही. अर्थ विचारला की लोक पुस्तकी उत्तर देतात. त्यानं सांगितलेला प्रसंग आमच्या प्रसंगाशी जुळला तर ओळ ठेवायची. तो विचारात पडला किंवा ‘ऐसा कोई बोलता नहीं’ म्हणाला तर काढायची. शाळेतल्या पालकांपैकी कुणी ही तपासणी करून दिली तर उत्तमच.

वाक्प्रचारांना आणखी एक गोष्ट लागते. म्हण एकटी उभी राहते, वाक्प्रचार वाक्यात वाकतो, म्हणून त्यासोबत छोटं वाक्य द्यावं. ‘काढता पाय घेणे’ म्हणजे गुपचूप निघून जाणे. हिंदीत ‘खिसक लेना’. तिथे ‘नौ दो ग्यारह होना’ घातलं तर माणूस धूम ठोकून पळाला असं होतं, ते ‘पोबारा करणे’ला शोभतं. ‘उखळ पांढरे होणे’ याचं ‘ओखली सफेद होना’ केलं तर त्यातून काहीच कळत नाही. ‘चाँदी होना’ म्हटलं की फायदा झाला, हे लगेच समजतं.

आणि आपलं ‘नाद खुळा’! हे दुकानाच्या पोस्टरसाठी हमखास मागितलं जातं. शब्दशः हिंदी केलं तर वेड लागल्यासारखं वाटतं. मिसळीच्या पहिल्या घासाला कोल्हापूरकर जे म्हणतो, त्याला हिंदीत ‘वाह, क्या बात है’ पुरतं. रांगडेपणा थोडा कमी होतो, हे खरं आहे.

जोडीची म्हण मिळालीच नाही तर आम्ही ओढूनताणून बसवत नाही. ‘आवळा देऊन कोहळा काढणे’ याला तोलामोलाची हिंदी म्हण सापडली नाही, तर सरळ ‘थोड़ा देकर बहुत ले लेना’ असा अर्थ लिहितो, तोही साध्या अक्षरात, म्हणजे कुणी त्यालाच म्हण समजणार नाही. जातीवरून, बाईमाणसावरून किंवा कुणाच्या व्यंगावरून असलेल्या म्हणी मुलांच्या भिंतीसाठी आम्ही छापत नाही.

मांडणीचं थोडक्यात. ए-टू आकाराच्या, म्हणजे ४२० बाय ५९४ मिलिमीटर कागदावर आठ म्हणी नीट बसतात. सहा फुटांवरून वाचायचं असेल तर मराठी म्हणीचं अक्षर साधारण दीड सेंटिमीटर उंच हवं. बारा म्हणी कोंबल्या की ओळी जवळ येतात आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकतो. प्रत्येक म्हणीला तीन ओळी: म्हण, ‘केव्हा म्हणतात’ आणि हिंदी. शब्दशः भाषांतराची चौथी ओळ घालू नये. मुलं तीच पाठ करतात.

येताना म्हणींची यादी, पोस्टर कुठल्या भिंतीवर लागणार आणि ते कोण वाचणार एवढं लिहून आणा. कच्ची प्रत मिळाल्यावर ती मराठी शिकवणाऱ्या आणि हिंदी बोलणाऱ्या अशा दोघांकडून वेगवेगळी वाचून घ्या, आणि दोघांच्याही सह्या झाल्यावरच छपाईला होकार द्या.