फोटो जरूर आणा, पण त्यातले केस कुणाचे तेही बघूया
बॉब आणि फ्रिंज कापून घ्यायला येणाऱ्या ताईंसाठी आमच्या पार्लरचं माहितीपत्रक, नाशिक

‘थोडेसे लहान करा’ या तीन शब्दांनी आमच्या धंद्यात जेवढं रडू आणलंय, तेवढं कशानेच आणलं नसेल. कुणाचं थोडं म्हणजे दोन बोटं, कुणाचं थोडं म्हणजे खांद्यापर्यंत. म्हणून तुम्ही मोबाइलमध्ये फोटो घेऊन आलात की आम्हाला खरंच बरं वाटतं. फक्त तो फोटो आपण दोघींनी मिळून नीट वाचायचा असतो, आणि त्याला कातरी हातात घेण्याआधी दहा मिनिटं लागतात. ती दहा मिनिटं आम्ही का घेतो, ते या पत्रकात सांगितलं आहे. सगळ्याच कटांबद्दल लिहीत नाही. हनुवटीपर्यंतचा बॉब आणि भुवयांवर आलेली सरळ फ्रिंज, एवढ्यापुरतंच बोलू, कारण सगळ्यात जास्त फोटो याचेच येतात आणि सगळ्यात जास्त घोटाळेही यातच होतात.

कुठल्याही फोटोत तीन गोष्टी एकत्र दिसतात: केसांचा काप, त्या दिवशी केलेलं सेटिंग आणि त्या बाईचे मूळचे केस. आम्ही तुम्हाला देऊ शकतो तो फक्त काप. सेटिंग तुम्हाला रोज घरी करावं लागणार, आणि मूळचे केस ज्याचे त्याचे. त्यामुळे तुम्ही फोटो पुढे केलात की आमचा पहिला प्रश्न असतो, यातलं नेमकं काय आवडलं?

उत्तर पटकन सापडत नाही, म्हणून एक सोपी गोष्ट करून बघा. फोटोतल्या चेहऱ्यावर अंगठा ठेवा आणि फक्त केस बघा. तरीही ते हवेसे वाटतात का? पुष्कळदा अंगठा ठेवल्यावर लक्षात येतं की आपल्याला हसू आवडलं होतं, नाहीतर कानातले. कधी केसच आवडलेले असतात, पण त्यातला एखादाच भाग.

इंदिरानगरच्या एका ताईंची गोष्ट

मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे आलेल्या एका ताईंच्या परवानगीने त्यांची हकिकत सांगते. त्या शाळेत शिकवतात आणि रोज स्कूटीवर हेल्मेट घालून जातात. केस खांद्याच्या चार बोटं खाली, दाट आणि नागमोडी. फोटो होता एका नटीचा. हनुवटीवर पट्टीने आखल्यासारखा सरळ बॉब, भुवयांना टेकलेली जाड फ्रिंज, केस काचेसारखे चकचकीत.

अंगठा ठेवून बघितल्यावर त्या म्हणाल्या, “मान मोकळी दिसते ना, ते आवडलं.” आणि फ्रिंज? “माझं कपाळ मोठं आहे, ते झाकलं जाईल.” म्हणजे त्यांना हव्या होत्या दोन गोष्टी: मोकळी मान आणि झाकलेलं कपाळ. फोटोतला कट हा तिथे पोहोचायचा एक रस्ता झाला, पण एकमेव रस्ता नव्हे.

मग केस तपासले. एका बाजूची एक बट ओली करून, न ताणता विंचरून मोजली, ती 30 सेंटिमीटर भरली. हात न लावता वाळू दिली आणि पुन्हा मोजली, तर 26. केस ओले असताना लांबतात आणि वाळले की आपल्या वळणावर परत जातात. सरळ केसांत हा फरक जेमतेम जाणवतो, नागमोडी केसांत चांगलाच दिसतो आणि कुरळ्यांत तर विचारूच नका. आता हिशेब बघा. भांगापासून हनुवटीपर्यंत साधारण 25 सेंटिमीटर धरले आणि ओल्या केसांवर तिथेच कातरी चालवली, तर वाळल्यावर केस निदान तीन सेंटिमीटर वर जाणार, म्हणजे थेट ओठांच्या जवळपास. प्रत्यक्षात त्याहूनही थोडे जास्त, कारण लांबीचं वजन गेलं की वळण आणखी उसळतं.

दुसरी अडचण घेराची. दाट नागमोडी केस एकाच रेषेत आखूड कापले की टोकं एकमेकांवर चढतात आणि डोक्याला तंबूसारखा आकार येतो, वर चपटा आणि गालांशी रुंद. आतून लेयर काढून तो घेर कमी करता येतो. पण मग ती पट्टीने आखलेली रेषा राहत नाही, आणि फोटोची सगळी ओळख त्या रेषेतच असते. हे आम्ही त्यांना आधीच सांगितलं.

तिसरा मुद्दा भोवऱ्याचा. टाळूवर भोवरा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण कपाळाच्या कडेलाही अनेकींना छोटा भोवरा असतो आणि भांग पाडून केस मागे बांधले की तो दिसतच नाही. तो ओळखायचा कसा? न्हाल्यावर पुढचे केस कपाळावर सरळ खाली विंचरायचे आणि हात न लावता वाळू द्यायचे. एखाद्या जागी केस वर उठले किंवा फाटा फुटून दोन बाजूंना गेले, तर भोवरा तिथे आहे. या ताईंना तो उजव्या भुवईच्या वर होता. अशा जागी जड सरळ फ्रिंज कापली तर ती रोज तिथेच फाटते. फोटोतल्यासारखी बसवायची तर रोज सकाळी ओल्या केसांवर ड्रायर आणि ब्रश घेऊन उभं राहावं लागतं. वर हेल्मेट, घाम आणि पावसाळी हवा. ड्रायरने सरळ केलेलं वळण हवेतल्या ओलाव्याने परत येतं, त्यामुळे जून ते सप्टेंबर ही मेहनत शाळेच्या पहिल्या तासापर्यंतसुद्धा टिकत नाही.

चेहऱ्याचं माप कसं घेतो

गोल, लांबट, चौकोनी अशी चेहऱ्यांची नावं आम्ही फारशी वापरत नाही. बहुतेक चेहरे दोन-तीन नावांच्या मधले असतात आणि नाव दिल्याने काहीच ठरत नाही. त्यापेक्षा केसांची रेषा चेहऱ्यावर कुठे संपणार ते बघणं उपयोगाचं. केस जिथे संपतात तिथे नजर थांबते. हनुवटीशी आडवी रेषा आली की जबडा रुंद दिसतो. ज्यांचा चेहरा खाली निमुळता आहे त्यांना हे छान दिसतं, ज्यांचा जबडा आधीच भरलेला आहे त्यांना नको असतं. तीच रेषा दोन-तीन बोटं खाली घेतली की नजर मानेवर जाते.

एक जुना ठोकताळाही आहे. हनुवटीखाली पेन्सिल आडवी धरायची, कानाच्या पाळीपासून पट्टी सरळ खाली सोडायची आणि दोन्ही जिथे मिळतात तिथलं अंतर बघायचं. सव्वादोन इंचांहून कमी असेल तर आखूड केस खुलतात, जास्त असेल तर लांब, असं म्हणतात. आम्ही हे माप घेतो, पण त्यावर कट ठरवत नाही. त्यातून जबड्याचा कोन कळतो. केस दाट आहेत की विरळ, सरळ आहेत की कुरळे, मान आखूड आहे की लांब, चष्मा आहे का, यातलं काहीच कळत नाही. या ताईंचं माप सव्वादोनच्या जरासं वर गेलं. सीमेवरचंच म्हणायचं.

याहून खरी परीक्षा आरशासमोर होते, आणि ती घरीसुद्धा करता येते. मोकळ्या केसांची टोकं आत दुमडून, मागे पिना लावून हनुवटीपर्यंत आणा. झाला खोटा बॉब. केस लांब असतील तर डोक्यावर उंच पोनी बांधून तिची टोकं कपाळावर सोडा, ही झाली खोटी फ्रिंज. चष्मा असेल तर तो घाला. मग घरातल्या कुणालातरी चार-पाच फुटांवरून समोरून आणि बाजूने फोटो काढायला सांगा. सेल्फी नको. हातभर अंतरावरून काढलेल्या सेल्फीत नाक मोठं आणि चेहऱ्याच्या कडा अरुंद दिसतात. शिवाय बऱ्याच सेल्फी आरशासारख्या उलट्या असतात, म्हणजे भांगाची बाजू बदललेली असते. तुम्ही आणलेला फोटो कुणाची सेल्फी असेल तर कपड्यावरची अक्षरं उलटी आहेत का बघा. असतील तर तो डावा भांग खरं तर उजवा आहे.

शेवटी काय कापलं

ताईंनी आरशात खोटी फ्रिंज बघितली आणि स्वतःच म्हणाल्या, की डोळ्यांवर ओझं आल्यासारखं वाटतंय. मग ठरलं ते असं. लांबी हनुवटीच्या तीन बोटं खाली, मागे थोडी आखूड आणि पुढे जराशी लांब, म्हणजे मान मोकळी राहते. सरळ फ्रिंजऐवजी मधून दुभागलेल्या, गालाच्या हाडापर्यंत उतरणाऱ्या बटा. भोवऱ्यामुळे केस तिथे फाटणारच होते, तर फाटाच कामाला लावला. कपाळाच्या दोन्ही कडा झाकल्या गेल्या, आणि घाईच्या दिवशी त्या बटा कानामागे सरकवता येतात. सगळं कोरड्या केसांवर, त्यांच्या वळणातच कापलं. तेही एका बैठकीत नाही. आधी खांद्यापर्यंत आणले, दोनदा न्हाऊन यायला सांगितलं, आणि केस कसे बसतात ते बघून मग उरलेले कापले. दुसऱ्या बैठकीचे वेगळे पैसे आम्ही घेत नाही.

एवढी सावधगिरी का, तर फार वर्षांपूर्वी मी स्वतः एका मुलीची फ्रिंज ओल्या नागमोडी केसांवर भुवईच्या रेषेत कापली होती. वाळल्यावर ती कपाळाच्या मध्यावर जाऊन बसली. दोन दिवसांवर तिच्या बहिणीचं लग्न होतं. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात, म्हणजे भुवईवरची फ्रिंज हनुवटीपर्यंत यायला वर्षाच्या आसपास लागतं. त्या मुलीचा चेहरा मला अजून आठवतो. तेव्हापासून फ्रिंज आधी एक बोट लांबच ठेवते, वाळवते आणि मगच उरलेलं काढते.

येताना एवढं करा

केस न्हाऊन, पूर्ण वाळवून, तेल न लावता या. वेणी किंवा अंबाडा घालून येऊ नका, कारण त्याचं वळण केसांत राहतं आणि तुमचं खरं वळण आम्हाला दिसत नाही. आवडलेले दोन फोटो आणा आणि त्यातला एक तरी तुमच्यासारख्याच केसांचा शोधा: नागमोडी असतील तर नागमोडी, विरळ असतील तर विरळ. जमलं तर मागच्या बाजूचाही. नको असलेल्या कटाचा एक फोटो असेल तर फार मदत होते. आणि काहीही सेटिंग न केलेल्या दिवशीचा तुमचा स्वतःचा फोटो, तो आमच्यासाठी सगळ्यात मोलाचा.

गेल्या दीड-दोन वर्षांत स्मूदनिंग किंवा केराटिन केलं असेल तर नक्की सांगा. मुळाशी तुमचं वळण आणि टोकाला सरळ केस, अशी अवस्था असली तर बॉबमध्ये नेमका कुठला भाग उरणार ते आधी बघावं लागतं.

सरळ फ्रिंज घेतलीत तर ती तीन-चार आठवड्यांनी सारखी करायला यावं लागेल. दुभागलेल्या लांब बटांना दोन महिने चालतात. फोटो बघून बोलायला मंगळवार ते गुरुवार सकाळी या, तेव्हा गर्दी कमी असते. त्या दिवशी केस कापलेच पाहिजेत असं काही नाही.