स्लॅबला प्रोजेक्टर टांगताना गिट्टी की अँकर फास्टनर?

सीलिंग माउंटच्या खोक्यात बऱ्याचदा प्लास्टिकच्या चार गिट्ट्या आणि चार लांब स्क्रू मिळतात. काही खोक्यांत त्याऐवजी नट-वॉशर असलेले लोखंडी अँकर फास्टनर असतात. दोन्हींसाठी स्लॅबला भोक पाडावं लागतं, दोन्ही भोकात फुगून धरतात, आणि प्लेट बसल्यावर खालून दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. म्हणून "जे हाताशी असेल ते लावा" असं सर्रास होतं. माझं मत स्पष्ट आहे: स्लॅबला उलटा लटकणारा प्रोजेक्टर साध्या गिट्टीवर सोडू नये.

कारण वजनाच्या दिशेत आहे. भिंतीवर फ्रेम किंवा फळी लावली की वजन स्क्रूला आडवं येतं. स्क्रू भोकाच्या कडेवर टेकतो आणि गिट्टीला त्याला फक्त जागेवर धरून ठेवायचं असतं. स्लॅबमध्ये तोच स्क्रू सरळ खाली ओढला जातो. आता सगळा भरवसा गिट्टी भोकाच्या भिंतीला किती दाबून बसली आहे, या एकाच गोष्टीवर. प्लास्टिकवर ओढ रात्रंदिवस राहिली की ते हळूहळू सैलावतं, आणि प्रोजेक्टरची गरम हवा जवळपास कोंडत असेल तर हे जरा लवकर होतं. बसवल्या दिवशी गिट्टी हाताने ओढूनही हलत नाही, त्यामुळे माणूस निर्धास्त होतो.

अँकर फास्टनरचं काम वेगळं चालतं. बोल्टच्या आतल्या टोकाला शंकूसारखा भाग असतो आणि बोल्टभोवती फाकणारी लोखंडी नळी, म्हणजे स्लीव्ह. नट आवळला की शंकू नळीत ओढला जातो, नळी फाकते आणि काँक्रीटला आवळून बसते. खाली ओढ वाढली तर शंकू आणखी आत शिरू पाहतो, म्हणजे पकड आणखी घट्ट होते. गिट्टीत हा गुण नाही.

"पण प्रोजेक्टरचं वजन असतं किती?" हा प्रश्न हमखास येतो. हिशोब करून पाहू. प्रोजेक्टर 4 किलो, माउंट 2 किलो, मिळून 6 किलो. चार बोल्टवर वाटलं तर प्रत्येकी दीड किलो. इतकं तर गिट्टीही सहज धरेल. आता माउंटचा दांडा 60 सेंटिमीटरचा आहे असं धरा. कोणी लेन्स पुसताना किंवा केबल काढताना खालून 5 किलोइतका आडवा रेटा दिला, तर दांडा तरफेसारखा वागतो. 60 सेंटिमीटरवरचा 5 किलोचा रेटा, प्लेटवर बोल्टमधलं अंतर 10 सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूच्या दोन बोल्टवर मिळून सुमारे 30 किलोची ओढ. प्रत्येकी 15. नुसत्या वजनाच्या दहापट ओढ क्षणभर येते, आणि प्रत्येक वेळी हात लावला की पुन्हा येते. गिट्टी हरते ती नुसत्या वजनामुळे नाही, या हलण्यामुळेही. दांडा जितका लांब तितका हा आकडा वाढतो, म्हणून छत उंच असेल तर हा मुद्दा दुप्पट लक्षात ठेवा.

चांगला फास्टनर आणला तरी भोक चुकलं की तो गिट्टीइतकाच कुचकामी ठरतो. भोकाचा व्यास बोल्टवरून नाही, बाहेरच्या स्लीव्हवरून ठरतो. 6 मिलिमीटरच्या बोल्टवर बहुधा 8 मिलिमीटरची स्लीव्ह असते, तिथे बिट 8 चाच लागतो. पाकिटावर लिहिलेला आकडा बोल्टचा आहे की स्लीव्हचा, हे स्लीव्ह मोजून पाहा. भोक मोठं झालं तर नट आवळताना अख्खा बोल्ट फिरत राहतो आणि नट घट्ट होतच नाही. तसं झालं की ते भोक सोडून द्या. कागद, काडी किंवा सिमेंट कोंबून भागवू नका.

पकडीची खोली गिलाव्यापासून मोजू नका. छताचा गिलावा 10 मिलिमीटरच्या आसपास असतो आणि त्याला पकड अशी काही नसते. प्लेट 3, गिलावा 10, काँक्रीटमध्ये 40, खाली नट-वॉशरला 10, असे 63 होतात, म्हणून 65 मिलिमीटर लांबीचा फास्टनर. भोक मात्र गिलाव्यासह 60 मिलिमीटर पाडा, म्हणजे टोकाला थोडी मोकळी जागा राहील. बिटवर तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळली की खोली चुकत नाही. गिलावा संपून काँक्रीट लागलं की ड्रिल लगेच जड चालायला लागतं, हा फरक हातालाच कळतो. डोळ्याला गॉगल लावा, सगळी भुकटी चेहऱ्यावरच येते. भोकातली उरलेली भुकटी ब्रशने काढा, ती राहिली तर स्लीव्ह भुकटीलाच धरते.

ठोकून पाहिल्यावर गिलावा पोकळ वाजला तर प्लेटपुरता तो खरवडून काढा आणि प्लेट थेट काँक्रीटला टेकवा. नाहीतर नट आवळताना गिलावा चुरतो, प्लेट बसल्यासारखी वाटते आणि काही दिवसांनी ढिली होते.

बिट आत जायचा अचानक थांबला, आवाज कर्कश झाला आणि भुकटीत चकाकणारे कण दिसले, तर सळई लागली आहे. जोर लावू नका, सळई कापू नका. प्लेट थोडी फिरवून किंवा सरकवून नवी जागा धरा. पंख्याच्या हुकाकडे आणि दिव्याच्या बॉक्सकडे जाणारे वायरचे पाइपही स्लॅबमध्येच असतात, त्यांच्या सरळ रेषेत भोक टाळा. स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील, तर नकाशा पाहिल्याशिवाय ड्रिल लावूच नका. आणि फॉल्स सीलिंग असेल तर पत्र्याच्या चौकटीला काही टांगू नका, दांडा वरच्या खऱ्या स्लॅबपर्यंत न्या.

केबलचं काम प्लेट चढवण्याआधी उरकावं, कारण दांडा पोकळ असेल तर ती त्यातूनच खाली येते. एचडीएमआयच्या प्लगचं डोकं केबलपेक्षा बरंच रुंद असतं. ते 20 मिलिमीटरच्या पाइपमध्ये जात नाही आणि 25 च्या पाइपमध्येही वळणावर अडकतं, म्हणून लांब पल्ल्याला 32 मिलिमीटरचा पाइप आणि मोठी वळणं ठेवा. विजेची वायर वेगळ्या पाइपमधून न्या. लांब अंतरासाठी ऑप्टिकल एचडीएमआय घेतली, तर तिची टोकं अदलाबदल करता येत नाहीत. एक सोर्सचं असतं, दुसरं डिस्प्लेचं, ओढण्याआधी खुणा पाहा. प्रोजेक्टरपाशी हातभर केबलचा ढिला वळसा सोडा. ताणलेली केबल माउंटला सतत बाजूला ओढते, आणि तोच आडवा रेटा वर बोल्टवर जातो.

सगळं बसल्यावर प्रोजेक्टर न लावता दांड्याला खाली लटकून ओढा आणि आडवा हलवा. प्लेट आणि स्लॅबमध्ये फट दिसली नाही तरच प्रोजेक्टर चढवा, आणि काही आठवड्यांनी नट पुन्हा पान्याने तपासा. एखाद्या ठिकाणी गिट्टीवर आधीच प्रोजेक्टर लटकलेला असेल, तर प्रतिमेकडे लक्ष ठेवा. पडद्यावर चित्र एका बाजूला कलत चाललं असेल, दर थोड्या दिवसांनी ते सरळ करावं लागत असेल, तर बहुतेक वेळा दोष प्रोजेक्टरच्या सेटिंगमध्ये शोधला जातो. आधी प्लेटच्या कडेला कागद सरकवून पाहा. कागद आत गेला तर प्रोजेक्टर त्याच दिवशी उतरवा.