जांभ्याखाली काय आहे? एका प्लॉटमालकाचे पत्र आणि माती तपासणीचा हिशोब

माती तपासणीचे काम करणाऱ्या आमच्या कार्यालयात रत्नागिरी भागातल्या एका जागामालकांचे पत्र आले. ओळख पटेल असे तपशील वगळून ते इथे देतो, कारण कोकणात घर बांधणाऱ्या बहुतेकांना हेच विचारायचे असते.

“सप्रेम नमस्कार. आमची वडिलोपार्जित १० गुंठे जागा सड्याच्या कडेला, समुद्राकडच्या उतारावर आहे. तिथे तळमजला अधिक एक असे घर बांधायचे आहे. घराचा आकार साधारण १० मीटर बाय १४ मीटर. वरच्या अंगाला कापून आणि ती माती खालच्या अंगाला भरून सपाटी करू, असे कंत्राटदार म्हणतात. हातभर खणले की जांभा लागतो, त्यामुळे तपासणी कशाला, असे गवंड्यांचे म्हणणे. पण आमच्या इंजिनिअरनी एसबीसीचा रिपोर्ट मागितला आहे. एका ठिकाणी ‘एक बोअर, जांभा लागेपर्यंत’ असा दर मिळाला. दुसरीकडे त्याच्या दुप्पट सांगितले. किती बोअर, किती खोल, कोणत्या चाचण्या आणि खर्च किती धरावा, ते कृपया कळवावे.”

एसबीसी म्हणजे जमिनीची सुरक्षित भारधारण क्षमता. पत्रातले सर्वांत कामाचे वाक्य कंत्राटदाराचे आहे, आणि सर्वांत धोक्याचे शब्द आहेत ‘जांभा लागेपर्यंत’.

देशावर बहुतेक ठिकाणी खाली जावे तशी जमीन घट्ट होत जाते. वर काळी माती, मग मुरूम, मग कातळ. त्यामुळे कठीण थर लागला की थांबायचे, ही सवय तिथे चालून जाते. सड्यावर, म्हणजे कोकणातल्या जांभ्याच्या पठारावर, हा क्रम उलटा असतो. जांभा बेसॉल्टपासूनच तयार झाला आहे. लाखो पावसाळ्यांत पाण्याने मूळ खडकातली सिलिका, कॅल्शियम, सोडियम धुऊन नेले. लोह आणि अॅल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. वरच्या भागात उन्हाळ्यात सुकून, हवा लागून ही लोहसंयुगे घट्ट झाली आणि कठीण कवच बनले. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारमधल्या अशा दगडाविषयी १८०७ साली लिहिले होते की तो खणताना लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि उघड्यावर ठेवला की टणक होतो. आपल्याकडच्या चिरेखाणीवर काम करणाऱ्या कुणालाही हे सांगावे लागत नाही.

पण कवचाखाली, जिथे हवा पोचली नाही आणि पाणी मात्र मुरत राहिले, तिथे पांढरट, पिवळी, गुलाबी छटांची गुळगुळीत माती असते. ती बेसॉल्टचीच, पूर्ण कुजलेली. त्याच्याही खाली अर्धवट कुजलेला खडक आणि मग काळा कातळ. म्हणजे कठीण, मऊ, पुन्हा कठीण. सड्यावरचे घर हे चिखलावर टाकलेल्या फळीवर उभे असते. फळी जाड असेल तर काही होत नाही, पातळ असेल तर होते. म्हणून जांभा लागला का हा प्रश्नच नाही. तो किती जाड आहे, हा प्रश्न आहे.

त्या जाडीने किती फरक पडतो, ते या घरावरच पाहू. एका खांबावर ४० टन भार धरू आणि त्याची फुटिंग, म्हणजे खांबाखालचा पसरट पाया, दीड मीटर बाय दीड मीटर. फुटिंगखाली दाब होतो चौरस मीटरला सुमारे १८ टन. हा भार खाली जाताना पसरतो. ढोबळ नियम असा की एक मीटर खाली गेले की पसाऱ्याची रुंदी एक मीटरने वाढते. फुटिंगखाली ३ मीटर जांभा असेल, तर मऊ मातीपर्यंत पोचताना भार साडेचार मीटर रुंद चौकोनात पसरतो आणि दाब उरतो जेमतेम २ टन. जांभा एकच मीटर असेल, तर पसारा अडीच मीटरचा आणि दाब साडेसहा टनांच्या घरात. भिजलेल्या मऊ मातीला हा फरक फार मोठा आहे. घर तेच, खांब तोच, वरून दिसणारा दगडही तोच.

आता कंत्राटदाराची सपाटी आठवा. वरच्या अंगाला कापताना हे कवचच कापले जाईल. खालच्या अंगाला, जिथे उतारावर कवच आधीच पातळ असते, तिथे घराचे खांब भरावावर येतील. अर्धे घर कातळासारख्या थरावर आणि अर्धे भरावावर बसले की ते सारखे दबत नाही. भिंतीत, विशेषतः खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून, तिरक्या चिरा पडतात. दोन्हीकडे सारखेच दबले असते तर घराला एवढा त्रास झाला नसता.

यावरून कामाची व्याप्ती ठरते. भूगर्भ तपासणीची भारतीय संहिता आयएस १८९२ लहान, साध्या इमारतीला मध्यभागी एक बोअर किंवा खड्डा पुरेसा मानते, आणि खोली फुटिंगच्या तळाखाली तिच्या रुंदीच्या दीडपट. तेवढे धरले तर दीड मीटर खोलीवरच्या या फुटिंगसाठी बोअर पावणेचार मीटरवर संपेल, बहुधा जांभ्याच्या पोटातच. सपाट, एकसारख्या जमिनीला ते योग्य आहे. इथे आम्ही तीन बोअर सुचवले. वरच्या कोपऱ्यात १२ मीटर, जेणेकरून जांभा, मऊ माती आणि कुजलेला खडक असा अख्खा क्रम एकदा तरी दिसेल. खालच्या कोपऱ्यात ८ मीटर. तिसरा संरक्षक भिंत जिथे येणार तिथे, उताराच्या कडेला, तोही ८ मीटर. भिंत आणि उतार यांचा धोका घराच्या पायापेक्षा वेगळा असतो; त्यासाठी खालच्या मातीची कातरबळाची, म्हणजे ती घसरायला किती विरोध करते याची, चाचणी लागते.

जांभ्यात हिऱ्याच्या बिटने गाभा, म्हणजे दगडाचा दंडगोल नमुना, काढतात. इथे एक गोष्ट मालकाने समजून घ्यावी: जांभ्याचा गाभा तुटक येतो. ड्रिलिंगचे पाणी मऊ गाठी धुऊन नेते आणि मीटरभर खोदून हातात तिसरा हिस्साच येतो. म्हणून आम्ही दुहेरी नळीचा कोअर बॅरल मागतो, त्यात गाभ्याला पाण्याचा मार कमी लागतो. गाभा कमी आला म्हणजे खाली पोकळी आहेच असे नाही. पोकळीची खूण वेगळी. रॉड अचानक सरकन खाली जातो, किंवा वर येणारे पाणी एकाएकी नाहीसे होते. हे दोन्ही प्रसंग नेमक्या खोलीसह नोंदवहीत लिहिले पाहिजेत. कार्यालयात बसून ते नंतर शोधता येत नाहीत, आणि माझ्या मते चांगल्या व वाईट तपासणीतला खरा फरक या नोंदवहीतच दिसतो.

मऊ मातीत प्रमाणित भेदन चाचणी, म्हणजे एसपीटी. साडेत्रेसष्ट किलोचा हातोडा ७५ सेंटीमीटरवरून पाडतात. पहिले १५ सेंटीमीटर सोडून पुढचे ३० सेंटीमीटर नमुनानळी आत जायला किती ठोके लागले, ते मोजतात. मे महिन्यात ही कोरडी माती बरे ठोके दाखवते. तीच माती पावसात भिजली की बळ बरेच गमावते. म्हणून प्रयोगशाळेतल्या चाचण्या नमुना पाण्याने पूर्ण भिजवून करा, असे कामाच्या पत्रातच लिहून मागावे. सांगितले नाही तर कोरड्या नमुन्याचा आकडा अहवालात येऊ शकतो आणि तो वाचायला छान दिसतो.

आता खर्च. खालचे दर हिशोब समजावा म्हणून धरलेले आहेत. प्रत्यक्षात ते यंत्राच्या अंतरावर आणि वाटेवर ठरतात. यंत्र नेणे-आणणे, उभे करणे आणि ड्रिलिंगला पाणी: २५,००० रुपये. मातीत बोअर मीटरला १,२०० आणि दगडात २,५०० रुपये. तीन बोअर मिळून २८ मीटर, त्यात समजा साडेसतरा मीटर माती आणि साडेदहा मीटर दगड, म्हणजे २१,००० अधिक २६,२५०. प्रयोगशाळा २०,०००, अहवाल १५,०००. बेरीज १,०७,२५०, त्यावर १८ टक्के जीएसटी.

दुसऱ्या बाजूला ‘जांभा लागेपर्यंत’चा एक बोअर ४ मीटरचा असेल, तर नेण्या-आणण्याचे तेच २५,०००, ड्रिलिंगचे १०,०००, किरकोळ चाचण्यांचे ५,००० आणि अहवालाचे १५,०००. एकूण ५५,०००, जीएसटी वेगळा. म्हणजे सातवा हिस्सा खोदाईला निम्म्याहून जास्त पैसे. यंत्र एकदा प्लॉटवर चढले की पुढचा मीटर स्वस्त पडतो. तेच यंत्र सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे महाग. पत्रातल्या दोन दरांमध्ये दुप्पट फरक का होता, त्याचेही उत्तर इथेच आहे. ते दोन वेगळ्या कामांचे दर होते.

खोदण्याआधी दगड किती आणि माती किती, हे कुणालाच माहीत नसते. त्यामुळे ठोक रकमेचा करार नको. ठोक रकमेत लवकर थांबणाऱ्याचा फायदा होतो. माती आणि दगड यांचे मीटरचे दर वेगळे मागावेत, बिल प्रत्यक्ष मोजमापावर द्यावे, आणि थांबण्याची अट स्पष्ट लिहावी: ठोके बसेनात म्हणून बोअर थांबवायचा नाही, गाभा काढत जांभा पार करायचा. पाणी कोण पुरवणार हेही लिहावे. सड्यावर मे महिन्यात टँकर लागतो आणि तो कुणाच्या खात्यात, यावरून काम अडल्याचे मी पाहिले आहे. गाभ्याच्या पेट्यांचे खोली लिहिलेले फोटो अहवालाबरोबर मागावेत.

अहवाल हाती आल्यावर एसबीसीचा आकडा कोणत्या फुटिंगसाठी, किती खोलीवर आणि किती दबणे गृहीत धरून दिला आहे, ते आधी पाहावे. ‘चौरस मीटरला २५ टन’ एवढेच लिहिले असेल, तर इंजिनिअरला त्यातून काहीच ठरवता येत नाही. आणि आकडा जांभ्याचा आहे की जांभा व खालची माती मिळून, हे विचारावेच.

राहिले पाणी. जांभा सच्छिद्र, खालची माती मात्र पाणी जवळजवळ झिरपू देत नाही. पावसाचे पाणी जांभ्यातून उतरते, मातीवर अडते आणि आडवे वाहत उताराच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडते. संरक्षक भिंतीच्या मागे हेच पाणी साचते. बोअरमधली पातळी खोदल्या दिवशी मोजली तर त्यात ड्रिलिंगचेच पाणी असते, म्हणून किमान २४ तासांनी मोजावी. तीही उन्हाळ्याचीच. यासाठी आम्ही मालकांना कळवले की खालच्या बोअरमध्ये भोके पाडलेला, तोंडाला झाकण असलेला पीव्हीसी पाइप कायमचा सोडून घ्या. वजन बांधलेली दोरी आत सोडून जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला पातळी मोजा, मोठ्या पावसानंतर दुसऱ्या दिवशीही मोजा आणि तारीख घालून लिहून ठेवा. भिंतीतल्या पाणी काढण्याच्या नळ्या आणि मागचा खडीचा थर किती उंचीपर्यंत हवा, ते त्या आकड्यांवरून ठरेल. तोपर्यंत कंत्राटदाराला वरच्या अंगाचे कापकाम सुरू करू देऊ नका.