रांजणवाडी

रांजणवाडी : पापणीच्या कडेला, केसाच्या मुळाशी येणारी लहान, लालसर आणि हात लावताच ठणकणारी पुळी. पापणीच्या प्रत्येक केसाच्या मुळाशी तेल स्रवणारी झाइस ग्रंथी आणि घामाची मॉल ग्रंथी असते. त्यांचे तोंड तुंबले, की साचलेल्या स्रावात जंतू वाढतात आणि पू होतो. हे जंतू बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस ऑरियस जातीचे असतात, म्हणजे निरोगी माणसाच्या नाकात आणि त्वचेवरही एरवी सापडणारे. पापणीच्या आत, कूर्चेसारख्या ताठ पट्टीत मायबोमियन ग्रंथींची रांग असते. तिथे पू झाला तर आतली रांजणवाडी होते. ती जास्त खोल असते, जास्त दुखते आणि तिचे तोंड पापणी उलटल्यावर आतल्या बाजूला दिसते.

सुश्रुतसंहितेत पापणीच्या अशाच पुळीला ‘अंजननामिका’ म्हटले आहे, आणि तिथेही पहिला उपाय शेकाचाच सांगितला आहे. शेक उपयोगी का पडतो, हे ग्रंथीतल्या तेलाकडे पाहिले की कळते. निरोगी ग्रंथीतले तेल शरीराच्या उष्णतेलाच पातळ राहते. तुंबलेल्या ग्रंथीतले तेल मात्र थंडीत थिजलेल्या तुपासारखे घट्ट होते आणि ते सैल व्हायला पापणीच्या आत सुमारे ४० अंश सेल्सिअस उष्णता पोचावी लागते. शिवाय उष्णतेने तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि पू लवकर तोंडाशी येतो. बोट तळहातावर घासून गरम करायचे आणि पुळीवर टेकवायचे, ही घरोघरची रीतही त्याच जाणिवेतून आली असावी. पण त्या बोटाची ऊब काही क्षणच टिकते आणि न धुतलेल्या बोटाने नवे जंतू मात्र जातात.

शेकात खरी अडचण पाणी गरम करण्याची नसते. अडचण ती ऊब टिकवण्याची असते. ओले फडके हवेत दोन मिनिटांतच कोमट होते, त्यामुळे एकदा भिजवून दहा मिनिटे डोळ्यावर ठेवलेल्या फडक्याने शेवटची सात-आठ मिनिटे काहीच साधत नाही. सोपी रीत अशी : एक वाटी उकळते पाणी आणि तीन वाट्या साधे पिण्याचे पाणी भांड्यात एकत्र करावे. साधे पाणी २७ अंशांच्या आसपास असेल, तर मिश्रण साधारण ४५ अंशांचे होते आणि भांड्यात, फडक्यात थोडे निवून पापणीला सोसेल इतके उरते. थंडीत नागपूर किंवा नाशिककडे माठातले पाणी १८ अंशांवर आलेले असेल, तर साधे पाणी दोन वाट्याच घ्यावे. मिश्रण मनगटाच्या आतल्या बाजूवर ओतून पाहावे. ऊब छान वाटली पाहिजे, चटका बसता कामा नये. पापणीची त्वचा अंगावरच्या सगळ्या त्वचेत पातळ असते, त्यामुळे तळहाताला सोसणारे पाणी तिला भाजू शकते. ओले फडके मायक्रोवेव्हमध्ये तापवू नये; ते सगळीकडे सारखे तापत नाही आणि एखाद्या घडीत साठलेली वाफ पापणी भाजते.

हात साबणाने धुवावेत. धुतलेल्या सुती पंचाचे किंवा मलमलीचे दोन तुकडे घेऊन प्रत्येकाची चार पदरी घडी करावी. एक तुकडा पिळून मिटलेल्या डोळ्यावर अलगद ठेवावा, दाबू नये. दुसरा भांड्यात राहू द्यावा. दोन मिनिटांनी अदलाबदल करावी. भांड्यावर झाकण ठेवावे किंवा पाणी थर्मासमध्ये भरून लागेल तसे वाटीत ओतावे. अशी दहा मिनिटे, दिवसातून तीन ते चार वेळा. शेकानंतर पापणीची कड स्वच्छ ओल्या कापसाने नाकाकडून कानाकडे एकदाच पुसावी आणि तो कापूस टाकून द्यावा. फडकी गरम पाण्यात साबणाने धुऊन उन्हात वाळवावीत. ती घरातल्या दुसऱ्या कोणी वापरू नयेत. या दिवसांत काजळ, आयलायनर आणि कॉन्टॅक्ट लेन्स बंद ठेवाव्यात. जुनी काजळाची डबी फेकून द्यावी, कारण तिच्यातूनच जंतू पुन्हा पापणीवर येऊ शकतात.

एक नेहमीचा क्रम पाहू. सोमवारी वरच्या पापणीचा एक कोपरा दुखू लागतो, दिसत मात्र काहीच नाही. मंगळवारी तिथे लाल फुगवटा येतो आणि पापणी जड होते. शेक इथूनच सुरू करावा. गुरुवारच्या सुमारास केसाच्या मुळाशी पिवळा ठिपका दिसतो, आणि नेमका याच दिवशी आरशासमोर उभे राहून पुळी फोडण्याचा मोह होतो. शेक चालू ठेवला तर शुक्रवारी-शनिवारी ती बहुधा आपणच फुटते. फडक्यावर थेंबभर पू दिसतो आणि ठणका त्याच दिवशी उतरतो. त्यानंतरही दोन-तीन दिवस शेकत राहावे, नाही तर वरचे तोंड मिटते आणि खाली उरलेला पू पुन्हा साचतो. आठवडा-दोन आठवड्यांत सगळे निवळते.

दाबून पू का काढू नये, याचे कारण पापणीच्या रचनेत आहे. पापणीच्या त्वचेखाली चरबी जवळजवळ नसते, सैल जाळीदार ऊतक असते. बोटांचा दाब चारही बाजूंनी पडतो आणि पू जिकडे विरोध कमी तिकडे जातो. पुळीचे तोंड अजून बंद असेल, तर ती वाट बाहेरची नसून त्या सैल जाळीतली असते. एका केसापुरता असलेला जंतुसंसर्ग रातोरात सगळ्या पापणीत पसरू शकतो; सकाळी डोळा उघडतच नाही आणि मग पोटात प्रतिजैविके घ्यावी लागतात. आतल्या रांजणवाडीत ग्रंथी आतल्या आत फुटली, की तिचे तेल पट्टीत झिरपते. शरीर त्याला परके समजून त्याभोवती गाठ बांधते. ही न दुखणारी घट्ट गाठ, कॅलेझिऑन, महिनोन्‌महिने राहते आणि कधी छोट्या शस्त्रक्रियेने काढावी लागते. तिसरा धोका दुर्मीळ आहे, पण तो माहीत असायलाच हवा. पापणीकडचे रक्त ज्या शिरांतून वाहते, त्यांचा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या शिराकोटराशी थेट संबंध असतो, आणि त्या वाटेने जंतू तिथवर पोचल्यास जिवावर बेतू शकते. डॉक्टर रांजणवाडी फोडतात, तेव्हा ते पिळत नाहीत. ते निर्जंतुक सुईने किंवा पात्याने पुवाला बाहेरची वाट करून देतात, कधी फक्त तो एक केस उपटतात.

सहाणेवर उगाळलेली लवंग किंवा लसणाची पाकळी लावू नये. त्यांचा रस डोळ्यात उतरला तर बुबुळावरचा पारदर्शक पडदा पोळतो. मेडिकलमधून स्वतःहून आणलेल्या थेंबांत अनेकदा स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने लाली उतरल्यासारखी वाटते, पण जंतूंशी लढण्याची तिथली ताकद कमी होते, आणि थेंब दीर्घकाळ चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढू शकतो.

दोन-तीन दिवस शेकूनही दुखणे वाढतच असेल, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. सूज गालापर्यंत उतरणे, ताप, डोळा हलवताना दुखणे, एकाचे दोन दिसणे, नजर मंद होणे किंवा डोळा पुढे आल्यासारखा दिसणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रांजणवाडी वारंवार होत असेल, तर रक्तातली साखर आणि पापण्यांच्या कडांवरचा कोंडा तपासून घ्यावा. उतारवयात एकाच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल आणि तिथले केस गळत असतील, तर तिचा तुकडा तपासायला पाठवावा लागतो. तेलग्रंथीचा कर्करोग सुरुवातीला अगदी असाच दिसतो.