वेळबद्ध वितरण फेरीचे नियोजन

गोदामातून माल घेऊन निघालेल्या वाहनाने ग्राहकांकडे कोणत्या क्रमाने आणि किती वाजता पोहोचावे, हे प्रत्येक ठिकाणी लागणारा कामाचा वेळ आणि ग्राहकाने बांधून दिलेली वेळ या दोन्ही गोष्टी धरून ठरवणे, म्हणजे वेळबद्ध वितरण फेरीचे नियोजन. ग्राहकाने दिलेल्या वेळेला व्यवहारात ‘स्लॉट’ म्हणतात. थांब्यावर माल उतरवण्यापासून सही घेईपर्यंत जाणाऱ्या वेळेला या नोंदीत ‘सेवाकाळ’ म्हटले आहे.

अनेक ठिकाणी माल पोहोचवणाऱ्या वाहनांचे मार्ग ठरवण्याचा प्रश्न जॉर्ज डँट्झिग आणि जॉन रॅम्सर यांनी १९५९ मध्ये पेट्रोल पंपांना इंधन पुरवणाऱ्या टँकरांच्या संदर्भात गणिती रूपात मांडला. त्यात ग्राहकांच्या वेळांचा समावेश नव्हता. वेळेची अट असलेल्या प्रकारासाठी मारियस सॉलोमन यांनी १९८७ मध्ये प्रत्येकी शंभर ग्राहकांची ५६ नमुना उदाहरणे प्रसिद्ध केली आणि नव्या पद्धती आजही त्यांवर तपासल्या जातात. वेळेच्या अटीमुळे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. निव्वळ अंतराच्या प्रश्नात एका वाहनासाठी कोणताही क्रम चालतो, तो फक्त कमीअधिक लांबीचा असतो; येथे मात्र सर्वांच्या वेळा पाळणारा एखादा तरी क्रम आहे का, एवढेच ठरवणेही, थांबे वाढले की, संगणकाला अवघड जाते. म्हणूनच प्रत्यक्षात आधी एक चालणारी फेरी बांधतात आणि मग तिच्यात एकेक थांबा बसवून पाहतात. थांबा बसतो की नाही, हे ‘सवड’ या एका राशीवरून कळते. कोणत्याही थांब्यावरील सवड म्हणजे तेथील काम किती मिनिटे उशिरा सुरू झाले तरी तेथील किंवा पुढच्या एकाही ग्राहकाची वेळ आणि गाडीची परतीची वेळ चुकत नाही, ती मर्यादा.

उदाहरणादाखल कुर्ल्याच्या गोदामातून सकाळी ९ वाजता निघणारा एक टेम्पो घेऊ. त्याला शीव, माटुंगा, दादर आणि परळ येथे घरगुती उपकरणे पोहोचवून दुपारी २.३० पर्यंत परत यायचे आहे. प्रवासाचे वेळ हिशेबासाठी धरलेले आहेत: कुर्ला ते शीव ३० मिनिटे, शीव ते माटुंगा १५, माटुंगा ते दादर १५, दादर ते परळ २० आणि परळहून परत ४०. शीवचा स्लॉट ९.३० ते १०.३०, माटुंग्याचा ११ ते १२, दादरचा ११.३० ते १२.१५ आणि परळचा १२ ते २ आहे. सेवाकाळ अनुक्रमे २५, २०, ३० आणि २० मिनिटे आहे.

टेम्पो शीवला ९.३० ला पोहोचतो आणि ९.५५ ला सुटतो. माटुंग्याला तो १०.१० लाच पोहोचतो, परंतु तेथील काम ११ च्या आधी सुरू करता येत नाही, म्हणून ५० मिनिटे थांबावे लागते. ११.२० ला निघून दादरला ११.३५ ला काम सुरू होते, परळला १२.२५ ला, आणि गाडी १.२५ ला गोदामात येते.

सवड काढण्यासाठी हिशेब शेवटाकडून मागे करावा लागतो. गाडी २.३० ला परत यायची तर परळचे काम उशिरात उशिरा १.३० ला सुरू व्हायला हवे. तेथील ग्राहक २ वाजेपर्यंत तयार असला तरी त्याचा उपयोग नाही. दादरची मर्यादा त्याच्या स्लॉटनुसार १२.१५ राहते. माटुंग्याचा ग्राहक १२ पर्यंत चालेल म्हणत असला, तरी तेथे २० मिनिटे काम आणि १५ मिनिटे प्रवास करून दादर गाठायचे असल्याने खरी मर्यादा ११.४० ठरते. म्हणजे माटुंग्याची आणि दादरची सवड प्रत्येकी ४० मिनिटे आहे.

आता वडाळ्याचा एक ग्राहक शीव आणि माटुंगा यांच्यामध्ये घ्यायचा आहे. दोन्ही बाजूंचा प्रवास १५ मिनिटे, सेवाकाळ २५ मिनिटे आणि स्लॉट १० ते ११ धरला, तर टेम्पो वडाळ्याला १०.१० ला पोहोचतो, १०.३५ ला निघतो आणि माटुंग्याला १०.५० ला येतो. पुढचे एकही काम एका मिनिटानेही हलत नाही, कारण वाढलेली ४० मिनिटे वाट पाहण्याच्या ५० मिनिटांतच जिरतात. याउलट माहीमचा ३० मिनिटे कामाचा ग्राहक माटुंगा आणि दादर यांच्यामध्ये घेतला आणि दोन्ही बाजूंना १५ मिनिटे धरली, तर दादरला १२.२० होतात. उशीर ४५ मिनिटांचा आणि सवड ४० मिनिटांची असल्यामुळे फेरी मोडते. प्रवासातली वाढ दोन्ही वेळा १५ मिनिटांचीच आहे. नकाशावर जवळचा दिसणारा ग्राहक स्वस्त असतो, हा समज येथेच चुकतो.

माटुंग्याच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या त्या ५० मिनिटांकडे व्यवस्थापक सहसा वाया गेलेला वेळ म्हणून पाहतात. गोदामातून ९.५० ला निघाले तर ती पूर्णपणे वाचतात आणि सर्व स्लॉटही पाळले जातात, हे खरे आहे. मात्र मग शीवचे काम १०.२० ला सुरू होते आणि तेथे फक्त १० मिनिटांची सवड उरते. शीवच्या चौकातील एकदोन सिग्नल चुकले तरी ती संपते. थोडे उशिरा, म्हणजे ९.२० च्या सुमारास निघणे हा अधिक शहाणपणाचा मार्ग आहे.

स्लॉटचा अर्थही आधी पक्का करावा लागतो. अभ्यासात रूढ संकेत असा की स्लॉट संपण्यापूर्वी काम सुरू व्हायला हवे. गृहनिर्माण संस्थेचा वॉचमन मात्र ‘सव्वाबारापर्यंतच’ म्हणतो, तेव्हा त्या वेळेला मदतनीस लिफ्टमधून बाहेर आलेला असावा, अशी त्याची अपेक्षा असते. दादरची वेळ तशी असेल तर काम ११.४५ पर्यंत सुरू व्हावेच लागेल, आणि ४० मिनिटांची सवड १० वर येईल.

सर्वाधिक चुका सेवाकाळाच्या अंदाजात होतात. त्याचे दोन भाग असतात. गाडी उभी करायला जागा शोधणे, गेटवर नोंद करणे आणि लिफ्टची वाट पाहणे हा भाग थांब्यागणिक एकदाच लागतो. उतरवणे, खोके उघडणे आणि जोडणे हा भाग नगागणिक वाढतो. एकाच इमारतीत दोन ग्राहक असतील तर पहिला भाग पुन्हा मोजायचा नसतो. लिफ्ट नसलेल्या जुन्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर धुलाई यंत्र चढवण्याचे काम मात्र सरासरी सेवाकाळात कधीच बसत नाही.

चूक कोठे आहे, हे नोंदींवरून ओळखता येते. थांब्यागणिक उशीर थोडाथोडा वाढत गेला, तर सेवाकाळ कमी धरलेला असतो. एका टप्प्यावर तो अचानक वाढला, तर प्रवासाचा वेळ चुकलेला असतो. शीवचा जुना रेल्वे उड्डाणपूल २०२४ च्या ऑगस्टमध्ये पुनर्बांधणीसाठी बंद झाला, तेव्हा पूर्व-पश्चिम ओलांडणाऱ्या टप्प्यांवर असा फरक अपेक्षितच होता. वाट पाहण्याचा वेळ मात्र आधीची चूक झाकून टाकतो. वरील फेरीत प्रत्येक ठिकाणी १० मिनिटे जास्त लागली, तरी शीवचा उशीर माटुंग्याचे काम सुरू होण्याच्या वेळेत दिसत नाही. दादरला १० आणि परळला २० मिनिटे उशीर दिसतो. त्यामुळे केवळ पोहोचण्याची वेळ न नोंदवता काम सुरू होण्याची आणि सुटण्याची वेळही वेगळी लिहावी.

मागून काढलेल्या मर्यादा चालकाच्या कागदावर लिहिलेल्या असल्या, तर रस्त्यावरही उपयोगी पडतात. माटुंग्याचे काम ११.४० पर्यंत सुरू झाले नाही, तर दादरच्या ग्राहकाला त्याच क्षणी फोन करायचा असतो. तेव्हा त्याचा स्लॉट संपायला अजून ३५ मिनिटे असतात आणि तो दुपारची दुसरी वेळ देऊ शकतो.