आलेखावर 2.7 दिसलं, पण खरं उत्तर 2.7 नव्हतं

माझा भाचा यंदा दहावीला आहे. परवा एकसामयिक समीकरणांचा आलेख काढून झाला आणि त्याने वही मिटली. म्हटलं अरे पडताळा? तर म्हणे, "मामा, रेषा छेदलेल्या दिसतायत की, अजून काय पडताळायचं?" असं वाटणारे खूप जण आहेत, म्हणून हे लिहितोय.

त्याचं गणित होतं 2x + y = 7 आणि x − y = 1. पहिल्यासाठी त्याने (0, 7), (1, 5), (3, 1) हे बिंदू घेतले, दुसऱ्यासाठी (1, 0), (2, 1), (4, 3). रेषा काढायला खरंतर दोनच बिंदू पुरतात, तिसरा घ्यायचा तो चूक पकडायला, म्हणजे तिन्ही बिंदू एका पट्टीत आले नाहीत तर कुठेतरी आकडेमोड चुकली हे लगेच कळतं. त्याचे आले होते.

आता रेषा म्हणजे नेमकं काय ते बघू. पहिल्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू पहिलं समीकरण खरं करतो, तिथे x आणि y च्या अशा अगणित जोड्या आहेत. दुसऱ्या रेषेचंही तसंच. दोन्ही समीकरणं एकदम खरी करणारी जोडी हवी असेल तर बिंदू दोन्ही रेषांवर पाहिजे, आणि तसा एकच आहे, छेदनबिंदू. त्याने 1 सेंमी = 1 एकक प्रमाण घेतलं होतं, आलेख कागदावरचे मिलिमीटरचे बारीक चौकोन मोजून त्याने लिहिलं: (2.7, 1.7).

मग आम्ही किमती घालून बघितल्या. दुसऱ्या समीकरणात 2.7 − 1.7 = 1, एकदम बरोबर. तो खूश. पण पहिल्यात 2 × 2.7 + 1.7 = 7.1 आलं, पाहिजे होते 7. म्हणजे त्याचा बिंदू दुसऱ्या रेषेवर तंतोतंत आहे पण तिच्यावरूनच जरासा पुढे सरकलाय, पहिल्या रेषेवरून सुटलाय. म्हणून पडताळा दोन्ही समीकरणांत घ्यायचा, एकात जमलं की थांबायचं नाही. खरं उत्तर असं काढलं: दुसऱ्यावरून y = x − 1, ते पहिल्यात घातलं, 3x − 1 = 7, म्हणून x = 8/3 आणि y = 5/3. 8/3 म्हणजे 2.666… ही किंमत मिलिमीटरच्या रेघेवर कधीच बसणार नाही, पेन्सिलला कितीही टोक करा.

"0.1 चाच तर फरक आहे, चालतं की," असं तो म्हणालाच. या गणितात चूक खरंच छोटी होती, पण दरवेळी तसं नसतं. समजा रेषा आहेत y = x आणि y = 1.1x − 0.5. त्या (5, 5) ला छेदतात. पण दोघींचा चढ जवळजवळ सारखा, त्यामुळे 4.5 पाशी दोन्हींत उभं अंतर फक्त 0.05 एकक, म्हणजे कागदावर अर्धा मिलिमीटर. तेवढी तर पेन्सिलची रेघच जाड असते! 4.5 पासून 5.5 पर्यंत दोन्ही रेषा एकमेकींत मिसळलेल्या दिसतात, छेदनबिंदू म्हणून जवळजवळ दीड सेंटीमीटर लांबीचा काळा पट्टा. तिथे कोणी (4.5, 4.5) वाचलं आणि किंमत घातली तर 4.5 ऐवजी 4.45 येतं. फरक 0.05 चा, पण x मधली चूक 0.5 ची, दहापट. म्हणजे किंमत घालून "जवळपास जुळलं" याचा अर्थ उत्तर जवळ आहे असा होत नाही, पडताळ्यात दोन्ही बाजू अगदी सारख्याच यायला पाहिजेत.

(व्हॉट्सॲपवर असे चार्ट फिरतात, दोन रेषा पुढे ताणायच्या आणि अमुक साली हे त्याच्या पुढे जाणार म्हणून सांगायचं. रेषा अशा जवळजवळ समांतर असतील तर एखादा आकडा जरा हलला की ते साल कितीतरी वर्षं मागेपुढे जातं. असलं फॉरवर्ड करण्याआधी रेषांमधला कोन बघा, प्लीज.)

दहापट कुठून आली तेही बीजगणितात दिसतं, मला हाच भाग सगळ्यात जास्त आवडतो. पहिल्यातलं y = x दुसऱ्यात घाला: x = 1.1x − 0.5, म्हणून 0.1x = 0.5, आणि x = 5. तो 0.1 म्हणजे दोन रेषांच्या चढातला फरक, आणि त्यानेच आपण भागतोय, 0.1 ने भागलं की छोटी चूक दहापट होते. चढातला फरक 0.01 असता तर शंभरपट झाली असती. आणि फरक शून्यच असेल, म्हणजे y = x आणि y = x − 0.5, तर किंमत घातल्यावर x दोन्हीकडून उडून जातो आणि हातात राहतं 0 = −0.5. कागदावर त्या दोन रेषा अर्धा सेंटीमीटर उभं अंतर ठेवून शेवटपर्यंत समांतर जातात.